टायर बदलल्यावर गाडी लचकतेय? नट, स्टड आणि रिमची बैठक कशी तपासायची

मेहुण्याचा फोन आला तेव्हा तो उंब्रजजवळ हायवेच्या कडेला गाडी लावून उभा होता. सकाळी कराडला पुढचे दोन टायर नवे टाकून घेतले आणि पुण्याला निघाला. पंधरा-सतरा किलोमीटर होतात न होतात तोच स्टेअरिंग हातात डुलायला लागलं.

"दाजी, बॅलन्सिंग केलंय की! तरी चाळीसलाच स्टेअरिंग हलतंय. ऐंशीला नेऊन बघू का, कमी होतं का ते?"

"अजिबात नको. गाडी हलवूच नकोस. आवाज येतोय का?"

"डावीकडनं टक्-टक् येतंय. ब्रेक मारला की जरा बदलतंय."

एवढं ऐकलं आणि मी पेटीत टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक् करणारा पाना, टाकून साताऱ्याहून निघालो. बॅलन्सिंग बिघडलेलं असतं तर थरथर ऐंशी-शंभरच्या आसपास आली असती, त्याखाली गाडी शांत राहिली असती. तीस-चाळीसला डुलणं, सोबत टकटक आणि ब्रेक किंवा वळणावर त्यात होणारा बदल, हे ढिल्या चाकाचं लक्षण. दर किलोमीटरला त्रास वाढत असेल तर शंकेला जागाच उरत नाही, कारण बिघडलेलं बॅलन्सिंग असं दहा मिनिटांत वाढत नाही. टायर नीट न बसल्यानंही कमी वेगात गाडी डुलते, पण तेव्हा टकटक नसते आणि डुलणं वाढत जात नाही. त्याच्याकडे पुढे येतोच, कारण या गाडीत तेही निघालं.

नट घट्ट आहे, पण रिम दाबली आहे का?

टायर बदलल्यानंतरच्या बहुतेक भानगडी एका गैरसमजातून होतात. आपल्याला वाटतं, नट पिळला, पाना पुढे सरकेना, म्हणजे चाक घट्ट बसलं. पण नट घट्ट असणं आणि रिम हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, दाबून धरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चाकाचे नट गाडीचं वजन पेलत नाहीत. ते रिमला हबच्या सपाट तोंडावर दाबून धरतात. त्या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते ब्रेकचा आणि इंजिनाचा जोर पेलतं. हबमधून बाहेर आलेला जो आट्यांचा दांडा असतो, ज्यावर नट चढतो, तो स्टड. छोट्या गाडीत तो १२ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरचा नट ८५ ते १०० न्यूटन-मीटरला आवळला, की तो एकटा साडेतीन-चार टनांच्या आसपास दाब देतो. हा दाब येतो स्टडच्या ताणातून. नट आवळताना स्टड रबरासारखा किंचित लांबतो आणि परत आखडायला बघतो. पण हे लांबणं किती? मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर.

हा आकडा लक्षात राहिला तर पुढचं सगळं आपोआप कळतं. रिम आणि हबच्या मध्ये गंजाचा एक पापुद्रा राहिला, रंगाचा थर राहिला, वाळलेला चिखल राहिला, तर नट आवळताना सगळं कडक लागतं. पुढच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये तो पापुद्रा चुरतो. अर्ध्या दशांश मिलिमीटरची जागा मोकळी झाली, की स्टडचा ताण संपतो. नट फिरलेला नसतो, पण दाब गेलेला असतो. मग रिम दर फेऱ्याला केसभर सरकते आणि नट खरोखर फिरायला लागतो. शेवटी स्टड तारेसारखा मागेपुढे वाकत राहतो. तार अशी वाकवत राहिलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

रिम नव्यानं रंगवून आणणाऱ्यांनी इथे विशेष थांबावं. रंगाचा थर सहज ०.१ मिलिमीटर भरतो, म्हणजे स्टडच्या लांबण्याच्या दुप्पट. नटाच्या बैठकीवर आणि रिमच्या मागच्या तोंडावर रंग असेल तर तो खरवडून काढायचाच.

रस्त्याच्या कडेला काय करायचं

गाडी सपाट, कडक जागी घ्यायची, हायवेच्या ट्रॅफिकपासून शक्य तेवढी लांब. हॅझार्ड दिवे चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि ज्या चाकाकडे बघायचं आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. जॅकला अजून हात लावायचा नाही.

आधी चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नटावर पाना लावून फक्त हाताच्या जोरानं आवळायच्या दिशेला बघायचं. पाय द्यायचा नाही. कुठला नट किती फिरला ते लक्षात ठेवायचं, कारण पुढचा निदानाचा धागा तोच आहे. मेहुण्याच्या डाव्या पुढच्या चाकाला चार नट होते. दोन नट जवळपास अर्धा फेरा फिरले, एक पाऊण फेरा फिरला आणि चौथा जागचा हलेना.

"हा एक तरी नीट बसलाय," मेहुणा म्हणाला.

मला शंका आली ती नेमकी त्याच्यावर. तीन भाऊ ढिले आणि चौथा दगडासारखा, असं सहसा होत नाही. तीन नट ढिले पडले म्हणजे रिमवरचा दाब गेला होता. मग चौथा नट कशाला धरून घट्ट होता? रिमला नव्हे, स्वतःच्याच आट्यांना. तो आडवा चढला होता.

पाना लावून नट नुसते आवळायचे आणि पुढे जायचं, हा मोह इथे होतो. करू नका. ढिलं चाक काही किलोमीटर चाललं असेल तर रिमची भोकं, नटांच्या बैठका आणि स्टड यांचं काय झालं ते चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. आवळल्यानं टकटक थांबेलही. पण अंडाकृती झालेल्या भोकात तो नट पन्नास किलोमीटर टिकतो की पाचशे, हे कुणालाच सांगता येत नाही.

उतरवण्याआधी बाहेरून मात्र नीट बघून घ्या. पोलादी रिम असेल तर नटाच्या कडेपासून तांबूस गंजाच्या रेषा बाहेरच्या दिशेला ओघळलेल्या दिसतात. अलॉय असेल तर भोकाभोवती काळपट-राखाडी भुकटी जमते. नट आणि रिम एकमेकांवर घासले गेल्याचा हा पुरावा. मेहुण्याच्या चाकावर दोन भोकांशी अशी भुकटी बोटाला लागली.

चाक उतरवून काय बघायचं

सगळे नट जमिनीवरच थोडे मोकळे करायचे आणि मग जॅक लावायचा, तोही गाडीच्या पट्टीवर कंपनीनं खूण केली आहे तिथेच. चाक काढल्यावर ते गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही.

आता रिम उलटी करून मागचं तोंड बघा. मधल्या मोठ्या भोकाभोवती जो सपाट पट्टा हबला टेकतो, तो पूर्ण कोरडा आणि स्वच्छ असायला हवा. या गाडीत तिथे दोन ठिकाणी वाळलेला चिखल दबून चपटा झाला होता आणि एका बाजूला अॅल्युमिनियमची पांढरी फुगीर बुरशी होती. टायरवाल्यानं जुना टायर उतरवून नवा चढवला, बॅलन्स केला आणि रिम तशीच लावली. हबकडेही तेच, डिस्कच्या मधल्या उंचवट्याभोवती गंजाचे पापुद्रे.

भोकं बघताना बोट आत फिरवा. शंकूच्या आकाराची बैठक सगळीकडून सारखी गुळगुळीत लागली पाहिजे. एका बाजूला चमकणारं अंगठीसारखं वर्तुळ असेल पण भोक गोल असेल तर रिम अजून वापरता येते. भोक एका दिशेला लांबट झालं असेल, आतल्या कडेवर स्टडच्या आट्यांचे दात उमटले असतील, किंवा एका भोकापासून दुसऱ्याकडे केसासारखी भेग जात असेल, तर ती रिम भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात. नटाच्या बैठकीजवळ वेल्डिंग केलेली रिम मी माझ्या गाडीला लावणार नाही. मेहुण्याच्या रिमला दोन भोकांशी वर्तुळं होती, लांबटपणा नव्हता. अठरा किलोमीटरवर थांबला म्हणून रिम वाचली.

एक गोष्ट लोक विसरतात: नट त्या रिमचाच आहे का? साठ अंशांच्या शंकूचे नट बहुतेक गाड्यांना चालतात, पण होंडाच्या मूळ रिमला गोलाकार बैठकीचे नट लागतात. गोल खड्ड्यात शंकू बसवला, की तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना कडक लागतो आणि काही दिवसांत सैल पडतो. बाहेरच्या अलॉय घेतल्या आणि जुने नट वापरले, किंवा पोलादी स्टेपनीला अलॉयचे नट लावले, की हा घोळ होतो. नट आणि भोक शेजारी धरून बघितलं तरी फरक डोळ्याला दिसतो.

बाहेरच्या अलॉयची आणखी एक खोड आहे. अनेक गाड्यांना लावता याव्यात म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं असतं. मूळ रिम हबच्या उंचवट्यावर अलगद चपखल बसते आणि आपोआप मध्यावर येते. मोठ्या भोकाच्या रिमला तो आधार नसतो, म्हणून मध्ये प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची कडी घालावी लागते. टायर बदलताना ही कडी रिममधून निसटून टायरवाल्याच्या फरशीवर पडते आणि तिथेच राहते. आधी कडी होती आणि आता नसेल तर चाक मध्यावर बसवणं फक्त नटांच्या शंकूंवर अवलंबून राहतं. एक नट आधी पूर्ण आवळला, की रिम कायमची एका बाजूला ओढली जाते.

स्टड चांगला आहे की गेला?

हा भाग सावकाश करायचा. स्टडवर तारेचा ब्रश मारा, नटाच्या आतला भाग फडक्यानं पुसा आणि नट फक्त बोटांनी चढवा. निरोगी स्टडवर नट शेवटपर्यंत बोटांनी जातो. कुठे अडला तर बळ लावायचं थांबवा. दुसऱ्या स्टडवरचा चांगला नट आणून तिथे चढवून बघा. तो सरळ गेला तर दोष नटात आहे, तोही तिथेच अडला तर स्टडात.

आडवे चढलेले आटे ओळखायला सोपे असतात. सुरुवातीच्या दोन-तीन आट्यांवर चंदेरी ओरखडा तिरका जातो आणि नट काढताना पोलादाचे बारीक केस बाहेर पडतात. मेहुण्याचा चौथा नट मी काढला तेव्हा असे दोन-तीन केस तळहातावर आले. नट दोन-तीन आटे हातानं न चढवता थेट एअर गनमध्ये धरून स्टडवर टेकवला आणि घोडा दाबला, की असं होतं. गनला आडवं-उभं कळत नाही, ती नवीन आटे कापत पुढे जाते.

ताणलेला स्टड ओळखणं जरा अवघड. तिथे नट सुरुवातीला सहज जातो आणि मध्येच अडखळतो, कारण स्टड त्या भागात लांबलेला असतो आणि आट्यांमधलं अंतर बदललेलं असतं. नवा, धड स्टड किंवा सरळ पट्टी शेजारी धरून बघितलं तर मधला भाग किंचित बारीक झालेला दिसतो. हे होतं गन मनसोक्त चालवल्यानं किंवा पान्यावर उभं राहिल्यानं. हिशेब करून बघा. सत्तर किलोचा माणूस २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर सुमारे १७० न्यूटन-मीटर होतात. गाडीला हवे असतात त्याच्या निम्मे. उड्या मारल्या तर विचारूच नका.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची सवयही याच खात्यात जाते. पान्याचा बराचसा जोर आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो, ताणात उतरतो तो थोडाच. तेलानं घर्षण कमी झालं, की पाना तोच आकडा दाखवतो पण स्टडवर ताण कितीतरी जास्त येतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. नट निघत नाही म्हणून गंज सोडवणारं तेल मारलं असेल, तर लावण्याआधी पुसून काढायचं.

थोडा चेपलेला पहिला आटा डाय फिरवून साफ करता येतो. पण धातू सोलून निघाला असेल तर डाय उरलेला भागही खाऊन टाकते. नट मग चढतो, पण पकडायला काही उरत नाही. असा स्टड बदलायचाच. आणि एक तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी त्याचा भार उचललेला असतो, म्हणून तेही बदलायचे. चारच स्टड असलेल्या हबवर एक सोडून बाकी तीन बदलण्यात अर्थ नाही. मी चारही बदलतो.

फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांना स्टड नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. तिथे बोल्ट खराब झाला तर बोल्ट बदलला की झालं, पण हबमधले आटे गेले तर खर्च मोठा. त्यामुळे या गाड्यांच्या बोल्टला गन लावू देताना माझा जीव वर-खाली होतो.

स्टड बदलताना

उंब्रजमध्येच दीड-दोन किलोमीटरवर एक गॅरेज होतं. बैठका साफ करून तीन चांगले नट आवळले आणि वीसच्या वेगानं गाडी तिथपर्यंत नेली. तीन नटांवर हायवे मी पकडला नसता, आणि तुम्हीही पकडू नका. चार नटांच्या गाडीत एक गेला की नुसता पाव भाग जात नाही, दाब एका बाजूनं सुटतो. दोन नट गेले असतील तर गाडी टोइंगवर न्यायची. स्टेपनी लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण खराबी हबावर आहे, चाकात नाही.

स्टड हबमध्ये मागून बसतो. डोक्याखाली बारीक उभे दाते असतात, ते भोकात रुतून राहतात. काढायचा तर कॅलिपर आणि डिस्क बाजूला करून पुढून दाबून मागे ढकलावा लागतो. मोठ्या हातोड्याचे ठोसे मारले की स्टड निघतो, पण मार बेअरिंगला बसतो. दाबून काढायचं हत्यार असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम. काही गाड्यांत स्टडचं डोकं बाहेर यायला मागे जागाच नसते, मग हब फिरवून खाचेसमोर आणावा लागतो किंवा काढावा लागतो.

नवा स्टड मागून घालायचा, पुढून दोन-तीन जाड वॉशर टाकायचे आणि एक जुना नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वॉशरला टेकेल असा लावून हातपान्यानं हळूहळू ओढून घ्यायचा. डोकं मागे हबला सगळीकडून टेकलं की नाही ते टॉर्चनं बघायचं. या कामाला वापरलेला नट परत चाकाला लावायचा नाही. नव्या स्टडचं डोकंही पहिल्या काही किलोमीटरमध्ये आणखी बसतं, त्यामुळे ताण कमी होतो. पन्नास किलोमीटरनंतर परत आवळणं इथे टाळता येत नाही.

स्टड घेताना जुना स्टड हातात घेऊन दुकानात जा. जाडी सारखी, पण एकाची चूड, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ आणि दुसऱ्याची १.५ मिलिमीटर, असं सर्रास असतं. चुकीच्या चुडीचा नट दोन-तीन आटे चढतो आणि मग अडतो. तिथे कुणीतरी "कडक आहे जरा" म्हणत पाना घेतो.

चाक परत कसं बसवायचं

तारेच्या ब्रशनं हबचं तोंड आणि रिमचं मागचं तोंड चमकेपर्यंत घासा. मधल्या उंचवट्याचा गंजही काढा. तिथे ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवायला हरकत नाही, म्हणजे पुढच्या वेळी रिम चिकटणार नाही. पण सपाट तोंडाला, आट्यांना आणि नटाच्या शंकूला ग्रीस लागू द्यायचं नाही. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू असेल तर त्याची मुंडी वर आलेली नाही ना, ते बोटानं बघा. ती मुंडी रिमखाली आली तर रिम कधीच सपाट बसणार नाही.

चाक हबवर ठेवून एका हातानं दाबून धरा आणि चारही नट बोटांनी चढवा. १.२५ च्या चुडीत किमान नऊ-दहा पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत, म्हणजे स्टडच्या जाडीइतके आटे पकडले जातात. बाहेरच्या जाड अलॉयला मूळ नट लावल्यावर कधी चार-पाचच फेरे मिळतात. तिथे लांब नट घ्यायचे किंवा रिम बदलायची. मेहुण्याच्या गाडीत दहा मिळाले.

मग चाक हवेत असतानाच हातपान्यानं समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग उरलेल्या दोघांपैकी एक आणि त्याच्या समोरचा. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखे. मध्ये चाक अर्धा फेरा फिरवा आणि परत एक वळसा घ्या. वजन नसताना शंकू आपापल्या बैठकीत उतरतात आणि रिम मध्यावर येते. जमिनीवर टेकवूनच सगळं आवळायला गेलात, तर गाडीचं वजन रिमला खाली धरून ठेवतं आणि ती तशीच आवळली जाते.

यानंतर जॅक उतरवून शेवटचा टॉर्क द्यायचा, दोन टप्प्यांत: आधी निम्मा, मग पूर्ण. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. जुन्या छोट्या मारुती गाड्यांना ८५, होंडा सिटीला १०८, फोक्सवॅगन पोलोला १२०. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही. टॉर्क पाना टक् झाला की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा टक् करून बघणारे प्रत्येक वेळी थोडं जास्त आवळत असतात.

टॉर्क पाना नसेल तर? २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर, पाना आडवा ठेवून, ३५ किलोचा सरळ खाली जोर म्हणजे साधारण ८५ न्यूटन-मीटर. ३५ किलो म्हणजे किती, हे हाताला कळत नसेल तर घरच्या वजनकाट्यावर दोन्ही तळहात टेकवून दाबून बघा. दोन-चार वेळा केलं की अंदाज बसतो. हा रस्त्यावरचा उपाय आहे, घरी पोहोचल्यावर टॉर्क पान्यानं तपासायचंच.

तरीही थोडं डुलतंय

मेहुण्याच्या गाडीचं डावं चाक शांत झालं. टकटक गेली. पण तीसला हलकंसं उसळणं उरलं होतं, आता उजवीकडून. नट तपासले, चारही व्यवस्थित. तेव्हा गाडी जॅकवर घेतली, चाकाशेजारी विटांवर एक स्क्रूड्रायव्हर रिमच्या कडेच्या अगदी जवळ टोक येईल असा ठेवला आणि चाक हातानं फिरवलं. रिमची कड टोकापासून सारख्याच अंतरावर राहिली. मग टोक टायरच्या बाजूला नेलं, तेव्हा एका जागी टायर दोन-अडीच मिलिमीटर आत जात होता. म्हणजे रिम सरळ होती, टायर रिमवर नीट बसला नव्हता.

हे डोळ्यांनीही दिसतं. टायरच्या बाजूला, रिमच्या कडेला लागून रबराची एक बारीक रेषा गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. या टायरला वितभर लांबीत ती रेषा रिमच्या आत बुडाली होती. टायर चढवताना साबणाचं पाणी कमी पडलं, की कड कोरड्या रिमवर अडकते. बॅलन्सिंगचं मशीन वजन लावून हा दोष झाकतं, म्हणून मेहुण्याला बॅलन्सिंगची चिठ्ठीही व्यवस्थित मिळाली होती.

उपाय सोपा आहे, पण टायरवाल्याच्या मशीनवरच करायचा. हवा सोडायची, अडकलेली कड मागे ढकलायची, दोन्ही बाजूंना साबणाचं पाणी भरपूर लावायचं आणि परत हवा भरायची. कड बसताना "फट्" असा आवाज येतो. ४० पीएसआयपर्यंत बसली नाही तर हवा सोडून परत पाणी लावायचं. "अजून थोडी भरतो, बसेल" हे ऐकलं की लांब व्हायचं. जास्त दाबानं कडेतली तार तुटते आणि टायर फुटून समोरच्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो. कड बसल्यावर हवा नेहमीच्या आकड्यावर आणून बॅलन्सिंग नव्यानं करायचं, कारण आधीचं वजन चुकीच्या जागी लागलेलं असतं.

रिमच डुलत असेल तर एक सोपी युक्ती आहे. रिम जिथे सगळ्यात बाहेर येते तिथे खडूनं खूण करा आणि त्या खुणेसमोरच्या स्टडवरही खूण करा. चाक काढून एक स्टड सोडून फिरवून लावा आणि परत बघा. बाहेर येणारी जागा रिमच्या खुणेबरोबर सरकली, तर रिम वाकडी आहे. ती स्टडच्या खुणेशीच राहिली, तर हबवर काहीतरी अडकलंय किंवा हबच वाकलाय. खड्ड्यांच्या रस्त्यांवर पहिलं जास्त सापडतं.

पन्नास किलोमीटरनंतर

दुपारी मेहुणा परत निघाला तेव्हा मी प्रत्येक नटावरून रिमवर पांढऱ्या पेंटपेननं एक आडवी रेषा ओढून दिली. नट किंचितही फिरला तर रेषा मोडते आणि पाना न लावता दिसतं. टॉर्क पानाही त्याच्याकडेच ठेवला, कुठे वापरायचा ते सांगून. पन्नास ते शंभर किलोमीटरच्या मध्ये, चाक थंड झाल्यावर, नट न सोडता त्याच आकड्याला लावून बघायचं. घाट उतरून लगेच नाही, ब्रेकच्या उष्णतेनं हब तापलेला असतो आणि पाना चुकीचं सांगतो. नट थोडासा फिरून टक् झालं तर ठीक, पापुद्रे बसल्याचा आणि स्टडचं डोकं रुतल्याचा तो हिशेब आहे. पण पुढच्या खेपेला परत फिरला, किंवा एकाच वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरला, तर चाक परत उतरवायचं.

खंबाटकीचा घाट ओलांडून जेवायला थांबला, तासाभरानं त्यानं पाना लावला. डावीकडचे दोन नट बोटभर सरकले, बाकी टक् करून थांबले. पुण्यात पोहोचल्यावर एकही हलला नाही. त्याच्या गाडीत आता टायरवाल्याला सांगायची चिठ्ठी पडलेली असते, माझ्याच अक्षरातली: नट हातानं चढवा, गन फक्त काढायला, रिमची मागची बाजू घासून लावा, शेवटचा टॉर्क माझ्यासमोर. मागच्या महिन्यात कोल्हापुरात त्यानं ती दाखवली, तर टायरवाल्यानं वाचून हसत टॉर्क पाना काढला. तो त्याच्याकडे होताच, वर फळीवर, प्लॅस्टिकच्या पेटीत, धूळ खात.